अंतुतूचा आकडा आणि विसावी फेरी

जानेवारी २०२४ मध्ये मोटोरोलाने भारतात मोटो जी३४ हा फोन आणला. किंमत १०,९९९ रुपयांपासून आणि आत स्नॅपड्रॅगन ६९५ हा चिपसेट. त्याच वर्षी जुलैमध्ये मोटो जी८५ आला, १७,९९९ रुपयांपासून. त्याच्या माहितीपत्रकात चिपसेटचं नाव होतं स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३. नाव नवं, ‘जेन ३’ म्हणजे तिसरी पिढी, किंमत सात हजारांनी जास्त. एखाद्या गेम खेळणाऱ्या मुलाने या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या तर दुसरा फोन बराच वेगवान असणार, असं त्याला वाटणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात दोन्ही फोनचा मेंदू जवळजवळ एकच. क्वालकॉम आपल्या प्रत्येक चिपला एक कारखानी क्रमांक देते. ६९५ चा क्रमांक SM6375, आणि ६एस जेन ३ चा SM6375-AC. दोन्हींमध्ये कॉर्टेक्स-ए७८ जातीचे दोन मोठे कोअर आणि कॉर्टेक्स-ए५५ जातीचे सहा छोटे कोअर, दोन्हींत ग्राफिक्ससाठी अॅड्रीनो ६१९, दोन्ही सहा नॅनोमीटरच्या. मोठ्या कोअरचा वेग २.२ वरून २.३ गिगाहर्ट्झ झाला; बदल असे किरकोळच. ६९५ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाली होती. जी८५ मध्ये वक्र ओएलईडी पडदा आहे, रॅम जास्त आहे, कॅमेरा चांगला आहे. वरचे पैसे तिकडे गेले आहेत आणि ज्याला ते हवं आहे त्याच्यासाठी ते योग्यही असतील. गेममध्ये प्रतिमा रेखाटणारा भाग मात्र तोच राहिला.

याच घराण्यातली स्नॅपड्रॅगन ६ जेन १ सप्टेंबर २०२२ मध्ये आली. ती चार नॅनोमीटरची, तिच्यात अॅड्रीनो ७१०, आणि ग्राफिक्सच्या चाचणीत ती ६एस जेन ३ च्या जवळजवळ दुप्पट गुण घेते. म्हणजे ‘जेन १’ पुढे, ‘जेन ३’ मागे. फक्त नावावरून क्रम लावणाऱ्याची फसगत इथेच ठरलेली.

नावाची रचना समजली की यातला बराचसा गोंधळ निवळतो. स्नॅपड्रॅगनच्या नव्या पद्धतीत पहिला अंक म्हणजे स्तर: ४ सर्वांत खालचा, मग ६, ७ आणि वर ८. ‘जेन’नंतरचा अंक त्या स्तरातली पिढी सांगतो. खरी मेख मधल्या अक्षरात असते. ‘एस’ लागला की ती चिप त्या स्तरातली हलकी, बहुतेकदा जुन्या भागांतून जुळवलेली असते. अधिकचं चिन्ह लागलं की ती वरच्या स्तराला खेटणारी असते. मीडियाटेकचंही वेगळं नाही. डायमेन्सिटी ७०५० म्हणजे नाव बदललेली १०८०, आणि ६०८० म्हणजे जुनी ८१०. म्हणून गेमिंगसाठी फोनची क्रमवारी लावणाऱ्याने चिपच्या नावाखाली जाऊन दोन गोष्टी वाचायच्या: मोठे कोअर कोणत्या जातीचे आणि ग्राफिक्सचा भाग कोणता. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर दोन्ही नेहमीच दिलेले असतात असं नाही. हातात असलेल्या फोनवर CPU-Z सारखं मोफत अॅप तेच दाखवतं.

एकाच आकड्याखाली किती अंतर दडू शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण २०२३ सालच्या दोन चिप. मार्चमध्ये आलेली स्नॅपड्रॅगन ७+ जेन २ आणि सप्टेंबरमध्ये आलेली ७एस जेन २. दोन्ही ‘सात’, दोन्ही ‘जेन २’. पहिलीत कॉर्टेक्स-एक्स२ हा तेव्हाच्या महागड्या फोनांतला कोअर आणि अॅड्रीनो ७२५. दुसरीत कॉर्टेक्स-ए७८ आणि अॅड्रीनो ७१०. पहिली पोको एफ५ मध्ये होती, दुसरी रेडमी नोट १३ प्रो ५जी मध्ये. भारतात हे फोन बाजारात आले तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या किमतींत चार हजारांचा फरक होता: एफ५ २९,९९९ पासून, नोट १३ प्रो २५,९९९ पासून.

आता या दोघींकडे आकड्यांतून पाहू, कारण जाहिरातीतला मोठा आकडा काय दाखवतो आणि काय झाकतो हे इथे नीट दिसतं.

अंतुतू ही चिनी चाचणी भारतातल्या जाहिरातींत सर्वाधिक दिसते, कारण तिचा निकाल लाखांत येतो आणि तो मोठ्या अक्षरांत छान दिसतो. अंतुतूच्या दहाव्या आवृत्तीत ७एस जेन २ ला साधारण सहा लाख आणि ७+ जेन २ ला साधारण दहा लाख गुण मिळतात. पहिलीला शंभर धरलं तर दुसरी एकशे पासष्टच्या आसपास. फरक मोठा आहे, पण चार हजार वाचवायला कुणी तो सोडूनही देईल.

हा आकडा मात्र चार विषयांची बेरीज आहे: प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी आणि रोजच्या वापरातली चपळाई. दहावीच्या गुणपत्रिकेतल्या एकूण टक्क्यांवरून कोणाचं गणित पक्कं आहे ते कळत नाही, तसंच हे. मेमरीच्या गुणांत रॅम आणि साठवणुकीचा वेग मोजला जातो. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीच्या फोनला यूएफएस ३.१ साठवणूक होती आणि २५६ जीबीच्या फोनला यूएफएस ४.०. चिप एकच, ग्राफिक्स एकच. मोठ्या साठवणुकीच्या फोनला मेमरीचे गुण जास्त पडतात, त्यामुळे बेरीजही वाढते. गेम थोडा लवकर उघडेल. उघडल्यावर मात्र दोन्ही फोन सेकंदाला तेवढ्याच फ्रेम काढतील. चपळाईच्या विभागात सरकत्या यादीचा गुळगुळीतपणा, फोटोवरची प्रक्रिया असल्या गोष्टी असतात. फोन विकत घेताना त्यांनाही किंमत आहे. प्रश्न बीजीएमआयमधल्या लढाईत फोन अडखळेल की नाही हा असेल, तर त्यांचा उपयोग थोडा.

म्हणून बेरीज बाजूला ठेवून ग्राफिक्सचीच चाचणी पाहावी. थ्रीडीमार्क नावाच्या अॅपमध्ये ‘वाइल्ड लाइफ’ ही चाचणी मिळते आणि तिची एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते: तिचा गुणांक म्हणजे सरासरी फ्रेमसंख्येला १६७ ने गुणून आलेला आकडा. त्यामुळे उलट भागाकार केला की सेकंदाला किती फ्रेम निघाल्या ते कळतं. ७एस जेन २ ला या चाचणीत साधारण ३,००० गुण मिळतात, म्हणजे अठरा फ्रेम. ७+ जेन २ ला ८,००० च्या आसपास, म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम. बेरजेत सहास दहा असं दिसणारं अंतर ग्राफिक्समध्ये अडीच पटीच्या वर गेलं. वाचवलेल्या चार हजारांची गेमपुरती खरी किंमत इथे समजते. (चाचणीतलं दृश्य मुद्दाम अवघड केलेलं असतं. अठरा फ्रेम निघाल्या म्हणजे बीजीएमआयही अठरानेच चालेल असं नाही. दोन फोनांची तुलना करायला तो आकडा कामाचा.)

तुलना करताना दोन अटी पाळाव्या लागतात. चाचणीची आवृत्ती एकच हवी. स्नॅपड्रॅगन ८ जेन २ ला अंतुतूच्या नवव्या आवृत्तीत तेरा लाखांच्या आसपास आणि दहाव्यात पंधरा लाखांच्या वर गुण मिळत. फोन तोच, फक्त मोजपट्टी बदलली. २०२५ मध्ये अकरावी आवृत्ती आली आणि आकडे आणखी वर सरकले. गेल्या वर्षीच्या फोनचा जुना आकडा आणि यंदाच्या फोनचा नवा आकडा शेजारी छापला, की काहीही न करता ‘प्रगती’ दिसते. गीकबेंचचंही तेच: पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय गीकबेंचची नेहमीची चाचणी प्रोसेसरची असते. गेमच्या क्रमवारीत ती दुय्यम.

दुसरी अट पडद्याची. चिपची चिपशी न्याय्य तुलना व्हावी म्हणून अनेक चाचण्या पडद्याबाहेर, ठरावीक आकाराच्या चित्रावर चालवतात. गेम मात्र खऱ्या पडद्यावर चालतो. १०८० गुणिले २४०० च्या पडद्यावर सुमारे २६ लाख ठिपके असतात, १४४० गुणिले ३२०० च्या पडद्यावर ४६ लाख. गेम पडद्याच्या पूर्ण आकारात रेखाटला जात असेल, तर त्याच चिपला प्रत्येक फ्रेममध्ये पावणेदोन पटीहून अधिक ठिपके भरावे लागतात.

इथपर्यंत आकडे प्रामाणिक आहेत असं धरलं. ते नेहमी तसे नसतात.

जुलै २०१३ मध्ये आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने दाखवून दिलं, की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ च्या एक्सिनॉस आवृत्तीत ठरावीक चाचण्या चालू झाल्या की ग्राफिक्सचा भाग ५३३ मेगाहर्ट्झवर धावतो. इतर खेळांना मात्र ४८० ची मर्यादा. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी-अॅपची नावंच लिहिलेली सापडली. २०१८ मध्ये हुआवेच्या पी२० मालिकेबाबत आणि ऑनर प्लेबाबत तेच घडलं. थ्रीडीमार्क बनवणाऱ्या यूएल या कंपनीने आपली चाचणी दुसऱ्या नावाने, बाहेर कुणाला न देता, त्या फोनवर चालवली. काम तेच, फक्त नाव अनोळखी. गुण लगेच खाली आले, आणि यूएलने ते फोन आपल्या यादीतून काढले.

२०२२ सालचं प्रकरण याच्या बरोबर उलट्या बाजूचं आहे आणि खेळणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं. सॅमसंगच्या फोनांत ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ नावाची व्यवस्था होती. तिच्याकडे सुमारे दहा हजार अॅप्सची यादी असून त्यांचा वेग ती रोखून धरू शकत होती, असं दक्षिण कोरियातल्या वापरकर्त्यांनी उघड केलं. यादीत खेळ होते, इतर नेहमीची अॅप्स होती. नावाजलेल्या चाचण्या नव्हत्या. गीकबेंचच्या कंपनीने आपल्या चाचणीला गेनशिन इम्पॅक्ट या गेमचं नाव देऊन ती चालवली तेव्हा गुण कोसळले. गॅलेक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या प्रमुख मालिका गीकबेंचच्या यादीतून वगळल्या गेल्या. कंपनीचं म्हणणं असं की फोन तापू नये म्हणून ही सोय होती. पुढे तिने अपडेट देऊन ती बंद करण्याचा पर्याय वापरकर्त्याच्या हाती दिला. तापमानाचं कारण खोटं नव्हतं. आक्षेप एवढाच होता की गेमला जो लगाम लागतो तो चाचणीलाही लागला पाहिजे, नाहीतर ग्राहकाने पाहिलेला आकडा त्याला कधी मिळणारच नसतो.

यावरून एक सोपी खूण हाती लागते. एकाच चिपचे चार-पाच फोन घ्यावेत आणि त्यांचे ग्राफिक्स गुण पाहावेत. ते एकमेकांच्या जवळपासच असायला हवेत. एखादा फोन त्याच चिपवर बाकीच्यांपेक्षा फार वर दिसला, तर तो ‘परफॉर्मन्स मोड’मध्ये मोजला असेल किंवा चाचणी ओळखून वागत असेल. दोन्ही प्रसंगी तो आकडा क्रमवारीत घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा: वेळ आणि उष्णता. एक वाइल्ड लाइफ चाचणी मिनिटभराची असते. बीजीएमआयचा एरँगलवरचा सामना अर्ध्या तासापर्यंत जातो. बहुतेक फोनांना पंखा नसतो. चिपची उष्णता बाहेर टाकायला पातळ धातू, ग्रॅफाइट, व्हेपर चेंबर आणि शेवटी खेळणाऱ्याचा तळहात. पहिल्या मिनिटाला थंड फोन चिपला हवी तेवढी वीज देतो. पाठ तापू लागली की सॉफ्टवेअर वेग उतरवतं, याला थ्रॉटलिंग म्हणतात. उतरणं अटळ आहे. फोनांमधला फरक असतो तो किती उतरतं आणि किती लवकर यात.

थ्रीडीमार्कची ‘स्ट्रेस टेस्ट’ नेमकं हेच मोजते. तीच मिनिटभराची चाचणी ती सलग वीस वेळा चालवते आणि शेवटी तीन आकडे देते: सर्वोत्तम फेरी, सर्वांत कमी फेरी आणि स्थिरतेची टक्केवारी. कमी फेरीला सर्वोत्तमने भागलं की ही टक्केवारी येते. इथेही फसायला वाव आहे, कारण काही परीक्षणं फक्त टक्केवारी छापतात. मुळातच संथ चिप कधी तापत नाही, म्हणून तिची स्थिरता ९९ टक्के येते. त्याने ती गेमिंगचा फोन ठरत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, ‘क’ फोनची सर्वोत्तम फेरी १०,००० आणि स्थिरता ५५ टक्के. ‘ख’ फोनची सर्वोत्तम फेरी ७,५०० आणि स्थिरता ९५ टक्के. जाहिरातीत ‘क’ पुढे: १६७ ने भागलं तर साठ फ्रेम, ‘ख’च्या फक्त पंचेचाळीस. वीस मिनिटांच्या शेवटाकडे ‘क’ ५,५०० वर येतो, म्हणजे तेहतीस फ्रेम. ‘ख’ ७,१२५ वर, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस. सामन्याचं शेवटचं वर्तुळ लहान होतं, उरलेले खेळाडू एकाच जागी गोळा होतात, धूर आणि गोळीबार एकदम सुरू होतो, तेव्हा ‘ख’ पुढे असतो. क्रमवारी लावायची ती या सर्वांत कमी फेरीच्या आकड्यावर.

हे केवळ कागदी उदाहरण नाही. २०२१ च्या अखेरची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि मे २०२२ मधली ८+ जेन १ यांची रचना जवळपास तीच: तेच कोअर, तोच अॅड्रीनो ७३०. पहिली सॅमसंगच्या कारखान्यात बनली, दुसरी तैवानच्या टीएसएमसीत. वेगात वाढ सुमारे दहा टक्के. पण त्याच कामाला वीज सुमारे तीस टक्के कमी लागते, असं क्वालकॉमने सांगितलं होतं. पहिल्या मिनिटाचे गुण पाहिले तर दोघी जवळजवळ सारख्या. खेळणाऱ्यांना अनुभव मात्र वेगळा आला: ८ जेन १ चे फोन लवकर तापतात अशी ओरड झाली, आणि ८+ जेन १ चे फोन वेग टिकवून धरतात म्हणून नावाजले गेले. जुना महागडा फोन स्वस्तात घेणाऱ्याने त्या एका अधिक चिन्हासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

खोलीचं तापमानही या हिशेबात येतं. वातानुकूलित खोलीत पंचवीस अंशांवर घेतलेली स्ट्रेस टेस्ट आणि मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला बाहेर पंचेचाळीस अंश असताना घरात चाललेला खेळ यांत मोठं अंतर आहे. फोनच्या पाठीची उष्णता बाहेर जाते ती पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. पाठ चव्वेचाळीस अंशांवर थांबवायची असेल आणि खोलीतली हवाच अडतीस अंशांची असेल, तर फरक उरतो सहा अंशांचा. पंचवीस अंशांच्या खोलीत तो एकोणीस होता. अशा वेळी कमी विजेत काम भागवणारी चिप कागदावरच्या वेगवान चिपला मागे टाकते. त्यातच चार्जर लावून खेळलं की बॅटरीची उष्णता भर घालते. काही फोनांत चार्जरची वीज बॅटरीला वगळून थेट फोनला देण्याची सोय असते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात खेळणाऱ्याने ती आहे का ते जरूर पाहावं.

एवढं सगळं जुळलं तरी शेवटचा शब्द गेमचा असतो. पडदा १२० हर्ट्झचा आहे म्हणजे गेम १२० फ्रेमने चालेल असं नाही. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे साठ फ्रेम. त्यावरचे नव्वद आणि एकशे वीसचे पर्याय गेम बनवणारी कंपनी ठरावीक फोनांनाच उघडून देते. चिप पुरेशी ताकदवान असूनही फोन त्या यादीत नसेल, तर तो साठवरच थांबतो आणि वरची सगळी ताकद पडून राहते. म्हणून विकत घेण्याआधी त्याच मॉडेलवर आपल्या गेममध्ये कोणता पर्याय दिसतो, ते कुणाच्या तरी स्क्रीनवर पाहून घ्यावं. परीक्षणात सरासरी फ्रेमसोबत ‘एक टक्का लो’ दिलेला असेल तर तोही वाचावा. साठ फ्रेमच्या खेळात प्रत्येक फ्रेमला सतरा मिलिसेकंदांच्या आत यावं लागतं. सरासरी अठ्ठावन्न दिसत असतानाही काही फ्रेम पन्नास-साठ मिलिसेकंद रेंगाळू शकतात, आणि नेमका तेव्हाच नेम चुकतो.

तर क्रमवारी लावताना अंतुतूची बेरीज सर्वांत शेवटी पाहावी. आधी ग्राफिक्सच्या भागाचं नाव, मग स्ट्रेस टेस्टची सर्वांत कमी फेरी, मग आपल्या गेममधली फ्रेमची मर्यादा. आणि मराठीत फोनची परीक्षणं करणाऱ्या सर्वांना एक विनंती: स्ट्रेस टेस्टचा पूर्ण आलेख दाखवा, विसाव्या फेरीचा आकडा वेगळा सांगा, आणि चाचणी घेतली तेव्हा खोलीत किती अंश तापमान होतं आणि फोन कोणत्या मोडमध्ये होता, हेही त्याच चित्रावर लिहा.